हापूसच्या बागेचा करार आणि चढता पुरवठा वक्र: नफा शून्य असताना जमिनीला खंड कसा मिळतो?

प्रश्न: पूर्ण स्पर्धेत दीर्घकाळात नवे उत्पादक येत राहतात आणि नफा शून्यावर येतो, असे आम्ही शिकलो. मग वाढत्या खर्चाच्या उद्योगात जमिनीसारख्या दुर्मीळ घटकाला खंड मिळतो तो कुठून? नवे लोक येतच असतील तर तो स्पर्धेत विरून का जात नाही? आणि पुरवठा वक्र वर चढतो तो खंडामुळे, की वक्र चढतो म्हणून खंड निर्माण होतो?

उत्तर:

या प्रश्नातला गुंता बहुतेक वेळा ‘नफा’ या एका शब्दामुळे होतो, कारण आपण त्या शब्दाखाली दोन वेगळ्या माणसांच्या मिळकती एकत्र करतो. सिद्धांत ज्याला शून्य म्हणतो तो उत्पादनाची जुळवाजुळव करणाऱ्याचा नफा असतो, म्हणजे त्याची स्वतःची मजुरी आणि गुंतवलेल्या भांडवलाचे रास्त व्याज धरल्यावर त्याच्या हाती उरणारी शिल्लक. खंड मात्र अशा वस्तूच्या मालकाला मिळतो, जी कितीही किंमत दिली तरी नव्याने तयार करता येत नाही. हे दोघे एकच असले की हिशेब धूसर होतो. म्हणून वर्गात मी गव्हाच्या शेताचे जुने उदाहरण सोडून कोकणातल्या हापूसच्या बागेचे उदाहरण घेतो, कारण तिथे हे दोघे अनेकदा खरोखरच वेगळे असतात.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात अनेक बागायतदार स्वतः फळ काढत नाहीत. ते बाग कराराने देतात, कधी मोहोर पाहून एका हंगामापुरती, तर कधी काही वर्षांसाठी. करार घेणारा फवारणी करतो, राखणीला गडी ठेवतो, झेल्याने फळ उतरवतो, पेट्या भरून वाशीला किंवा पुण्याला पाठवतो आणि मालकाला ठरलेली रक्कम देतो. करारदाराची शिल्लक आणि मालकाची रक्कम या दोन वेगळ्या खिशांत जातात, त्यामुळे शून्य नफा कुणाचा आणि खंड कुणाचा हे डोळ्यांनी दिसते.

आता एक हिशेब मांडू. यातले आकडे समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत, पाहणीतून आलेले नाहीत. एकरी हापूसची साधारण चाळीस कलमे बसतात, कारण पारंपरिक अंतर दहा बाय दहा मीटर असते. जमीन तीन प्रतींची आहे असे धरू. पहिली प्रत म्हणजे समुद्राच्या वाऱ्याची, चांगला निचरा असलेली आणि खोल मातीची जमीन. तिथे चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी काढली तर एकरी ६५ पेट्या मिळतात. दुसऱ्या प्रतीवर ५० पेट्या मिळतात. तिसरी प्रत म्हणजे उघडा कातळ, जिथे सुरुंग लावून खड्डे काढावे लागतात आणि बाहेरून माती आणून भरावी लागते. तिथे ४० पेट्या मिळतात. पहिल्या दोन प्रतींवर जमीन सोडून बाकीचा सगळा वार्षिक खर्च एकरी ६०,००० रुपये आहे. त्यात फवारणी, राखण, काढणी, पेटी, वाहतूक, करारदाराच्या स्वतःच्या कष्टाचे मोल आणि कलमे लावून ती फळावर येईपर्यंत झालेल्या खर्चाचा वार्षिक हप्ता हे सगळे आले. झाडांचा हा हप्ता मुद्दाम खर्चात धरला आहे, म्हणजे पुढे जी रक्कम उरेल ती निव्वळ जमिनीची असेल. कातळावर खड्ड्यांचा आणि मातीचा भार जास्त असल्याने हाच खर्च ७२,००० रुपये येतो.

आणखी एक आकडा लागतो. आंबा लावला नाही तर पहिल्या दोन प्रतींच्या जमिनीवर काजू ठेवून मालकाला एकरी ५,००० रुपये सुटतात असे समजू. आंब्यासाठी जमीन सोडताना तो निदान एवढे मागणारच. कातळावर मात्र गवतापलीकडे काही येत नाही, म्हणून तिथे ही रक्कम शून्य धरू. आता प्रत्येक प्रतीला आंब्याकडे ओढून आणणारी किमान किंमत निघते. पहिल्या प्रतीसाठी ६५,००० भागिले ६५, म्हणजे पेटीला १,००० रुपये. दुसरीसाठी ६५,००० भागिले ५०, म्हणजे १,३०० रुपये. कातळासाठी ७२,००० भागिले ४०, म्हणजे १,८०० रुपये. पहिल्या प्रतीची जमीन १,००० एकर आणि दुसऱ्या प्रतीची २,००० एकर आहे, तर कातळ हवा तेवढा आहे, असेही धरू.

दीर्घकालीन पुरवठा वक्र इथेच तयार झाला. १,००० रुपयांना ६५,००० पेट्यांपर्यंत माल मिळेल. त्यापुढे माल हवा असेल तर किंमत १,३०० रुपयांवर जावी लागेल आणि त्या भावाला आणखी एक लाख पेट्या मिळतील. एक लाख पासष्ट हजारांच्या पुढचा माल कातळावरूनच येईल आणि त्यासाठी १,८०० रुपये मोजावे लागतील. जमिनीच्या प्रती तीनऐवजी तीनशे केल्या की या पायऱ्या झिजून सलग चढ होतो. एवढे सगळे मांडताना खंडाचा एकही रुपया कुठे घ्यावा लागला नाही. वक्राचा चढ ठरला तो पुढची पेटी काढण्यासाठी लागणाऱ्या खऱ्या साधनांवरून: सुरुंग, माती, जास्त कष्ट, कमी फळ आणि सोडून द्यावा लागणारा काजू.

समजा सुरुवातीला भाव १,३०० रुपये आहे. दुसऱ्या प्रतीच्या मालकाला एकरी ५,००० रुपये मिळतात, म्हणजे काजूइतकेच. पहिल्या प्रतीच्या बागेतून ८४,५०० रुपये येतात, त्यातून ६०,००० वजा जाता २४,५०० उरतात. हे करारदाराकडे राहतील का? राहणार नाहीत, कारण शेजारच्या गावातला दुसरा करारदार मालकाला २३,००० द्यायला तयार होईल, तिसरा २४,०००, आणि बोली २४,५०० रुपयांजवळ येऊन थांबेल. त्यातले ५,००० ही काजूची भरपाई आणि १९,५०० हा अर्थशास्त्राच्या भाषेतला खंड.

आता मागणी मोठ्या प्रमाणात वाढते. निर्यात वाढली किंवा मुंबई-पुण्याच्या ग्राहकाची ऐपत वाढली, कारण काहीही असो. नवी कलमे व्यापारी फळ देण्याजोगी व्हायला सात-आठ वर्षे लागतात, म्हणून तोपर्यंत माल तेवढाच राहतो आणि भाव समजा २,२०० रुपयांवर जातो. या भावाने पहिल्या प्रतीच्या बागेत एकरी ८३,००० रुपये आणि दुसऱ्या प्रतीच्या बागेत ५०,००० रुपये सुटतात. ज्याच्याकडे मोकळा कातळ आहे तो हिशेब करतो की ८८,००० उत्पन्नातून ७२,००० खर्च गेला तरी १६,००० उरतील, आणि सुरुंग वाजू लागतात. हाच प्रवेश. सात-आठ वर्षांनी ही कलमे फळावर येतात, माल वाढतो, भाव उतरू लागतो आणि १,८०० रुपयांवर स्थिरावतो. त्याच्या खाली तो फार काळ जाणार नाही, कारण मग कातळावर नवी लागवड थांबेल आणि जुनी कलमे मोडली तर ती बदलली जाणार नाहीत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या उतरणीत आहे. प्रवेशामुळे काही तरी खरोखरच विरले. पहिल्या प्रतीवरचे ८३,००० आता ५७,००० झाले आणि दुसऱ्या प्रतीवरचे ५०,००० आता ३०,००० झाले. जे गेले ते फळावर असलेल्या झाडांच्या तात्पुरत्या टंचाईचे मोल होते. झाड नव्याने लावता येते, फक्त वेळ लागतो, म्हणून त्याची जादा कमाई तेवढ्या वेळापुरतीच टिकली. मार्शलने अशा मिळकतीला आभास खंड म्हटले. जे उरले ते मात्र नव्या माणसांना पुसता येत नाही, कारण ते समुद्राच्या वाऱ्याची खोल मातीची जमीन बरोबर घेऊन येत नाहीत, ते कातळ घेऊन येतात. नवा उत्पादक जे पुन्हा निर्माण करू शकतो तेवढ्याचीच जादा कमाई स्पर्धा खाऊन टाकते. जे निर्माण होऊ शकत नाही त्याच्याबाबत ती उलटे काम करते: त्याच्यासाठी बोली लावणाऱ्यांची संख्या वाढवते आणि मोल करारदाराच्या खिशातून काढून मालकाच्या खिशात टाकते.

आता १,८०० रुपये भावाला तिन्ही करारदारांची वही तपासू. पहिल्या प्रतीवर ६०,००० खर्च आणि ५७,००० कराराची जमिनीपोटीची रक्कम, एकूण १,१७,०००. भागिले ६५ पेट्या म्हणजे पेटीला १,८००. दुसऱ्या प्रतीवर ६०,००० आणि ३०,०००, एकूण ९०,०००. भागिले ५० म्हणजे १,८००. कातळावर ७२,००० भागिले ४०, पुन्हा १,८००. तिघांचाही सरासरी खर्च किमतीइतकाच आहे, तिघांचाही नफा शून्य आहे, आणि तरी एका मालकाला एकरी ५७,००० मिळत आहेत. नव्याने येणाऱ्याला उत्तम बाग जास्त रकमेत घेणे आणि कातळ फुकटात घेणे सारखेच पडते. त्यामुळे खंड प्रवेशाला अडवत नाही. मागणी वर्षानुवर्षे वाढत राहिली तर कातळावर प्रवेश आणि चांगल्या जमिनीच्या खंडात वाढ या दोन्ही गोष्टी बरोबरीनेच घडत राहतात, कारण त्या एकाच किंमतवाढीचे दोन चेहरे आहेत.

इथे हुशार विद्यार्थी हटकून अडवतो: करारदाराच्या वहीत ५७,००० रुपये खर्च म्हणून लिहिले आहेत, मग खंड किमतीचे कारण नाही असे कसे म्हणता? त्या एकट्या करारदारासाठी तो खर्चच आहे आणि तो भरला नाही तर बाग दुसऱ्याला जाईल. पण सगळ्या आंबा उद्योगाकडे एकत्र पाहिले तर ती जमीन आंब्याकडे ठेवायला फक्त काजूचे ५,००० पुरेसे होते. बाकीचे ५२,००० न मिळते तरी ती जमीन कुठे गेली नसती. म्हणून वक्राच्या उंचीत ५,००० येतात, ५२,००० येत नाहीत. किंमत कातळावर ठरते आणि ती ठरल्यावर ५२,००० उरतात. ‘खंड खर्च आहे की नाही’ याचे उत्तर कुणाच्या वहीतून पाहता यावर अवलंबून आहे. काजूचा भाव वाढून मालकाला तिथे १५,००० मिळू लागले, तर पहिल्या दोन प्रतींच्या किमान किमती वर सरकतील. त्या वेळी आपला एकूण माल कातळापर्यंत पोचलेला असेल तर आंब्याची किंमत तरीही हलणार नाही. खंडातलेच १०,००० रुपये खऱ्या खर्चाच्या रकान्यात जातील.

आकृतीतही हे पडताळता येते. किमतीची आडवी रेघ १,८०० वर आहे आणि तिच्या खाली, वक्राच्या वर, जे क्षेत्र उरते त्याला पुस्तकात उत्पादकाचे आधिक्य म्हणतात. पहिल्या प्रतीचा भाग ६५,००० पेट्या गुणिले ८०० रुपये, म्हणजे ५ कोटी २० लाख. दुसऱ्याचा एक लाख पेट्या गुणिले ५०० रुपये, म्हणजे ५ कोटी. जमिनीच्या बाजूने मोजले तर १,००० एकर गुणिले ५२,००० आणि २,००० एकर गुणिले २५,०००, तेच आकडे येतात. दीर्घकाळात या आधिक्याला ‘उत्पादकाचे’ म्हणणे हे नाव फसवे आहे असे माझे मत आहे. उत्पादन करणाऱ्याला त्यातले काहीच मिळत नाही, ते सगळे जमीनमालकाचे असते.

याच जागी एक मोठा अर्थशास्त्रज्ञही घसरला होता. केंब्रिजच्या पिगूंनी १९१२ मध्ये असे मांडले की वाढत्या खर्चाच्या उद्योगात प्रत्येक नवा उत्पादक बाकीच्यांचा खर्च वाढवतो, त्याची भरपाई करत नाही, म्हणून असा उद्योग स्पर्धेत गरजेपेक्षा जास्त फुगतो आणि त्यावर कर लावला पाहिजे. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या ॲलिन यंग यांनी दाखवले की जमिनीचा भाव चढणे म्हणजे साधने जास्त वापरली जाणे नव्हे, तर पैसा एका हातातून दुसऱ्या हातात जाणे. आपल्या उदाहरणात करारदाराचे ५२,००० गेले आणि मालकाला ५२,००० मिळाले. समाजाचे त्यात काहीच खर्च झाले नाही. पिगूंनी पुढे ही मांडणी सोडली. मात्र कातळावरच्या नव्या लागवडीने शेजारच्या विहिरीचे पाणी खरोखर आटत असेल तर ती गोष्ट वेगळी, कारण तिथे खरे साधन संपते आणि त्याची किंमत कुणाच्याच वहीत येत नाही. वाढत्या खर्चाचा उद्योग दिसला की पहिल्यांदा हे दोन प्रकार वेगळे करावेत.

यापुढची गोष्ट मी वहीत सगळ्यात जास्त वेळा चुकलेली पाहिली आहे. १,८०० भावाच्या काळात एखाद्याने पहिल्या प्रतीची जमीन विकत घेतली. वर्षाला ५७,००० देणारी जमीन, व्याजदर ८ टक्के, म्हणजे एकरी सुमारे ७ लाख १२ हजार रुपये मोजले. आता त्याला वर्षाचे व्याजच ५७,००० आहे, त्याचा नफा शून्य आहे आणि खंड आधीच्या मालकाने एकरकमी उचलला आहे. उद्या भाव १,३०० वर आला तर या जमिनीचे उत्पन्न २४,५०० होईल आणि तिचे मोल ३ लाख ६ हजारांवर येईल. नवा मालक म्हणेल की पेटीमागे माझा खर्च १,८०० आहे आणि मला १,३०० मिळतात. त्याचे दुःख खरे आहे, पण ‘आंब्याचा उत्पादनखर्च १,८०० आहे’ हे विधान खोटे आहे. ती बाग चालूच राहील, कारण बंद करून काजू ठेवला तर ५,००० मिळतील आणि आंब्याला २४,५०० मिळतात. जमीन खरेदीच्या कर्जाचा हप्ता पुरवठा वक्राला हलवत नाही. बंद पडेल तो कातळ. हमीभाव ठरवण्यासाठी उत्पादनखर्च काढताना जमिनीचा चालू बाजारखंड त्यात धरला की वर्तुळ पूर्ण होते: भाव वाढवा, खंड वाढतो, खंड वाढला म्हणून पुन्हा भाव वाढवा.

अनुदानाचाही असाच हिशेब लागतो. समजा सरकारने फक्त कातळावरच्या खड्डे-मातीच्या खर्चाला मदत दिली आणि तिथली किमान किंमत १,६०० वर आली. नवी लागवड वाढेल, भाव १,६०० वर उतरेल आणि पहिल्या प्रतीच्या मालकाचे ५७,००० उतरून ४४,००० होतील, दुसऱ्याचे ३०,००० उतरून २०,०००. त्यांच्या बागेला कुणी हात लावला नाही, तरी त्यांचे नुकसान झाले. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने कोकणात मोठी लागवड झाली. ती सर्व प्रकारच्या जमिनींवर झाली, म्हणून माझे उदाहरण तिला जसेच्या तसे लागू होत नाही. पण पडीक जमीन लागवडीखाली आणणाऱ्या कोणत्याही मदतीचा रोख अंशतः जुन्या बागांच्या खंडावर असतो, हे लक्षात ठेवावे. याउलट सगळ्यांना पेटीमागे सरसकट मदत दिली आणि भाव उतरण्याने तिला पूर्णपणे गिळले नाही, तर जेवढी उरते तेवढी उत्तम जमिनीवर खंडात जाऊन बसते.

आतापर्यंत जमिनीच्या प्रतींमधला फरक घेतला. पुस्तकात वाढत्या खर्चाचा दुसराही प्रकार असतो, जिथे सगळे उत्पादक सारखेच असतात पण उद्योग वाढला की एखाद्या घटकाचा भाव सगळ्यांसाठी चढतो. एप्रिल-मेमध्ये सगळ्या बागा एकदम उतरतात आणि फळाला डाग न पडू देता देठासकट काढणारे गडी मर्यादित असतात, तेव्हा त्यांची मजुरी चढते आणि तीन्ही प्रतींचा खर्च वर जातो. शेवटी ओढून आणलेल्या गड्याला त्याच्या दुसऱ्या कामाइतकेच मिळते, पण जो कमी मजुरीतही आला असता त्याला चढ्या मजुरीतला फरक खंड म्हणून मिळतो. हा प्रकार किती जोरात चालतो हे त्या घटकाच्या बाजारात आपला उद्योग केवढा आहे यावर अवलंबून असते. बुरशीनाशके देशभर विकली जातात, हापूसने कितीही घेतली तरी त्यांचा भाव हलणार नाही. राखणीच्या आणि बागेच्या कामाला गेली कित्येक वर्षे नेपाळहून माणसे येतात, त्यामुळे त्या मजुरीचा चढ बराच सपाट राहिला आहे. वाढता खर्च फक्त त्या घटकांतून येतो जे या उद्योगाला चिकटलेले आहेत.

प्रत्यक्ष आकडे हातात आले तर खंड, आभास खंड आणि निव्वळ नशीब यांत फरक कसा करायचा? हापूस एक वर्षाआड भरभरून येतो, म्हणून एका हंगामाची जादा शिल्लक काहीच सांगत नाही. निदान चार ते सहा वर्षांची सरासरी घ्यावी. मग नवी लागवड फळावर आल्यावर ती शिल्लक काय करते ते पाहावे. लागवड वाढल्यावर ती घटत असेल तर ती झाडांची होती. लागवड वाढूनही ती टिकत असेल आणि शेजारच्या मोकळ्या, झाड नसलेल्या पण त्याच प्रतीच्या जमिनीचा भावही चढत असेल, तर ती जमिनीची आहे. माझा अनुभव असा की बागेच्या कराराच्या रकमेपेक्षा मोकळ्या जमिनीचा भाव हा जास्त प्रामाणिक साक्षीदार असतो, जरी आता त्यात बंगल्यांसाठी जागा घेणाऱ्यांची मागणीही मिसळते आणि समुद्राजवळ ती वेगळी काढावीच लागते.

या सगळ्यात एक गृहीत धरले आहे की प्रत्येक बागेसाठी पुरेसे बोली लावणारे आहेत. गावात एकच करारदार येत असेल, किंवा मालकाने वाशीच्या दलालाकडून आधीच उचल घेतली असेल आणि माल त्यालाच देणे भाग असेल, तर ५७,००० रुपयांची वाटणी बोलीने होत नाही, गरजेने होते, आणि जमिनीच्या खंडाचा मोठा भाग करारदाराच्या किंवा दलालाच्या खिशात राहतो. वक्र तिथेही तसाच चढतो आणि किंमत तिथेही कातळावरच ठरते. बदलतो तो फक्त खंडाचा खिसा. म्हणून एखाद्या भागात करारदार वर्षानुवर्षे श्रीमंत होताना दिसले तर प्रवेशाचा सिद्धांत फसला असे म्हणण्याआधी त्या मालकांना किती जणांकडून बोली येते ते विचारावे.

तंत्र बदलले की मात्र ही सगळी मांडणीच नव्याने करावी लागते. पाच बाय पाच मीटरच्या घन लागवडीत एकरी चाळीसऐवजी सुमारे एकशेसाठ कलमे बसतात. ती यशस्वी झाली तर चांगली जमीन पूर्वीपेक्षा कमी दुर्मीळ होईल, कातळाची गरज मागे पडेल आणि पूर्ण वक्र उजवीकडे खाली सरकेल. तेव्हा लागवड वाढत असताना भाव पडताना दिसेल. ते पाहून हा घटत्या खर्चाचा उद्योग आहे असा निष्कर्ष काढणारे प्रबंध मी तपासले आहेत. त्यांनी वक्रावरची वाटचाल आणि वक्राचे सरकणे एकच समजले होते. त्यांच्याच तक्त्यात लागवडीचे अंतर बदललेले वर्ष दिलेले होते, आणि त्या वर्षाच्या आधीचे आकडे वेगळे काढले की चढ पुन्हा दिसत होता.